घरचं बीपी 150, दवाखान्यातलं 130: किडनीच्या पेशंटनं कोणतं धरायचं?

कोरडवाहू
नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, यवतमाळ जिल्हा. बाबांचं वय 64, शुगर बारा-तेरा वर्षांपासून. क्रिएटिनिन 2.1 आहे आणि लघवीतून प्रोटीन जातं. किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बीपी 130 च्या आत ठेवा, घरी मोजून वहीत लिहून आणा." मशीन आणलं, दंडाला पट्टा बांधायचं. पण घरी कधी 158 येतं, दहा मिनिटांनी 139. आरोग्य केंद्रात सिस्टरनं मोजलं तर 130, आणि त्या म्हणाल्या, "140 पर्यंत चालतं." चुलतभाऊ नागपूरहून फोनवर सांगतो की किडनीवाल्यांना आता 120 च पाहिजे.
माझे प्रश्न दोन. आकडा नेमका कोणता? आणि घरच्या मशीनवर भरवसा ठेवायचा का?

तिखटसावजी
मशीन बदला भौ. आमच्या बुढ्याचं मशीन सून समोर आली का वीसनं वाढते.

अभ्यासू
चुलतभाऊ बरोबर आहे. केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये किडनीच्या आजारात वरचं बीपी 120 च्या खाली ठेवा असं स्पष्ट लिहिलंय. त्यामागे अमेरिकेतली 2015 ची स्प्रिंट चाचणी आहे. 140 हा जुना आकडा झाला. डॉक्टरांना 120 चा आग्रह धरा.

गोदाकाकू
माझे यजमान डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून दोनदा. सुरू करताना 170, संपल्यावर 115, घरी आल्यावर गळून जातात. कोणतं खरं मानायचं ते आम्हालाही कोणी सांगत नाही. आणि बाळा, बाबांच्या हातात डायलिसिससाठी नसा जोडून फिस्टुला केलेला असेल तर त्या हाताला पट्टा बांधू नकोस हो.

कोरडवाहू
काकू, बाबांना अजून डायलिसिस नाही, फिस्टुलाही नाही. पण हे लक्षात ठेवतो.

पळसफूल
मी ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. आकड्याचं डॉक्टर बोलतील, मी मोजण्याचं विचारते. बाबा बसतात कुठे? बाजेवर का? पाय लोंबकळत असतात का? हात कुठे असतो? पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून बांधता का? आणि मोजण्याआधी खर्रा खाल्लेला असतो का? शक्य झालं तर बसल्या जागेचा फोटो टाक.

कोरडवाहू
ताई, बाजेवरच बसतात, पाठीला टेकू नाही. हात मांडीवर. बाही वर गुंडाळतो. खर्रा... सकाळी उठल्यावर पहिला तोच असतो. आणि मोजताना आई विचारत असते, "किती आलं, किती आलं?" फोटो टाकला आहे.

पळसफूल
मग 158 आणि 139 का येतात ते फोटोतच दिसतंय.
हात मांडीवर म्हणजे पट्टा छातीच्या खाली. हात जितका खाली, तितकं बीपी जास्त दिसतं. एक वीतभर खाली असला तरी दहाच्या वर फरक पडतो. पाठ अधांतरी, पाय लोंबकळते, त्यानं आणखी वाढतं. गुंडाळलेली बाही दंडाला आवळते, तेही नको. बोललं की वाढतं, आणि आईला उत्तर देणं हेही बोलणंच. खर्ऱ्यातल्या तंबाखूचा जोर अर्धा तास तरी राहतो, चहाचंही तसंच.
तुमच्या फोटोत मागं शिलाई मशीन दिसतं. त्याचं टेबल वापरा. प्लास्टिकची खुर्ची त्याला लावून ठेवा. बाबांनी लघवीला जाऊन यायचं, खुर्चीत पाठ टेकून बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. सदऱ्याचा हात काढायचा. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या मध्याच्या रेषेत येईल. टेबल बुटकं पडलं तर खाली घडी केलेलं पांघरूण ठेवा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वळीपासून दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूनं. मग पाच मिनिटं गप्प. टीव्ही नाही, मोबाईल नाही. त्यानंतर बटण.

संत्राबर्फी
पाच मिनिटं कोण बसतं हो ताई? आमच्याकडे आशाताई येतात, दारातच उभ्या-उभ्या मोजतात आणि पुढच्या घरी जातात.

पळसफूल
आशाताईला पन्नास घरं करायची असतात, तिला बोल नाही लावत. वाढलेलं बीपी सापडायला तेवढं पुरतं. पण गोळी वाढवायची की कमी करायची हे त्या आकड्यावर ठरवू नये.

वऱ्हाडी_वैद्य
उशिरा आलो. मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी बसतो, किडनीचे पेशंट बरेच असतात. पळसफूल ताईंनी जे सांगितलं त्यातच अभ्यासूंच्या मुद्द्याचं उत्तर आहे.
120 हा आकडा खरा आहे, केडिगोनं तो दिलाय. पण त्याच सूचनेत अट आहे की बीपी ठरलेल्या पद्धतीनंच मोजलेलं असावं आणि पेशंटला ते सोसवत असावं. स्प्रिंटमध्ये पेशंट पाच मिनिटं शांत बसायचा, मग मशीन आपोआप लागोपाठ रीडिंग घ्यायचं आणि त्याची सरासरी धरायचे. आपल्या ओपीडीत जिना चढून आलेल्या माणसाचं घाईत मोजलेलं बीपी त्याहून बरंच जास्त येऊ शकतं. किती जास्त, ते माणसामाणसात वेगळं, म्हणून "दहा वजा करा" असं सूत्रही चालत नाही. अशा घाईतल्या आकड्याला 120 वर आणायला गेलो तर खरं बीपी 105 वर जाईल आणि माणूस वावरात चक्कर येऊन पडेल.
दुसरं, स्प्रिंटमध्ये मधुमेहाचे पेशंट घेतलेच नव्हते, आणि लघवीतून खूप प्रोटीन जाणारेही वगळले होते. कोरडवाहूंच्या बाबांना शुगर आहे आणि प्रोटीनही जातं. त्यांना तो निकाल जशाचा तसा लागू होत नाही.
तिसरं, त्या चाचणीत कमी बीपीचा फायदा हृदयाला आणि आयुर्मानाला झाला. किडनी खराब होण्याचा वेग त्यानं कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यामुळे "120 केलं की किडनी वाचली" असं कोणी समजू नये. ज्यांच्या लघवीत प्रोटीन जास्त, त्यांच्या किडनीला बीपी 130 च्या आत ठेवल्याचा फायदा होतो असं मानायला जुना आधार आहे. तुमच्या डॉक्टरांनी 130 सांगितलं ते घरच्या वहीसाठी मला योग्य वाटतं. सिस्टरचं 140 हे ज्यांना प्रोटीन जात नाही अशांसाठी पूर्वी चालायचं.

अभ्यासू
डॉक्टर, मधुमेहींसाठी 2024 साली चीनमधून बीप्रोड चाचणी आली आहे. तिथं 120 च्या खाली ठेवलेल्या गटात हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले. मग मधुमेह हे कारण राहत नाही.

वऱ्हाडी_वैद्य
चांगला मुद्दा. पण त्याच गटात बीपी फार उतरून त्रास होणं आणि रक्तातलं पोटॅशियम वाढणं, दोन्ही जास्त होतं. क्रिएटिनिन 2.1 असलेल्या माणसात पोटॅशियम ही लहान गोष्ट नाही. आणि 2010 च्या अकॉर्ड चाचणीत मधुमेहींना 120 चा असा स्पष्ट फायदा दिसला नव्हता. आमच्यातही यावर एकमत नाही. धडधाकट, चक्कर न येणाऱ्या, नियमित तपासणीला येणाऱ्या पेशंटला मी स्वतः 125 च्या आसपास नेतो. सगळ्यांना नाही.

खारपाण
मी संग्रामपूरकडचा. आमच्या पट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट, घरटी किडनीचा पेशंट. पाण्यातूनच मीठ जाते त पट्ट्यानं मोजून काय करता? आधी पाण्याचं पाहा.

वऱ्हाडी_वैद्य
खारपाणपट्ट्याचं दुखणं खरं आहे आणि तिथं पिण्याला योजनेचं गोडं पाणी मिळायलाच हवं. पण दिवसभराचं बहुतेक मीठ ताटातूनच जातं. लोणचं, पापड, ठेचा, वरून घेतलेलं मीठ. सगळं मिळून दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्याच्या आत हवं. एक गोष्ट मात्र इथं ठळक सांगतो: बाजारात "बीपीवाल्यांचं" म्हणून कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते किडनीच्या पेशंटनं डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल अशी गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी चढतं.

संत्राबर्फी
गोळीवरून आठवलं. आमच्या काकांना टेल्मिसार्टन दिली, महिन्याभरानं क्रिएटिनिन 1.8 चं 2.1 झालं. गावातल्या एकानं सांगितलं गोळीनंच किडनी खराब केली. काकांनी बंद केली. आता बीपी 170.

वऱ्हाडी_वैद्य
1.8 वरून 2.1 म्हणजे सतरा टक्के वाढ. ही गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर किडनीच्या गाळणीतला दाब उतरतो, म्हणून क्रिएटिनिन थोडं वाढतं. महिन्याभरात तीस टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही सहसा स्वीकारतो आणि गोळी चालू ठेवतो. म्हणूनच दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासायचं असतं. तीसच्या वर गेलं किंवा पोटॅशियम वाढलं तर डॉक्टर कारण शोधतील. काकांना या आठवड्यातच दाखवा. 170 वर बसून राहू नका.

तिखटसावजी
डॉक्टर, बुढ्याचं गुडघ्याचं इंजेक्शन आणि गोळ्या चालूच असतात. त्याचा काही संबंध हाय का?

वऱ्हाडी_वैद्य
मोठा संबंध आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपीही वाढतं आणि किडनीलाही मार बसतो. इंजेक्शनातही बहुतेक वेळा तेच असतं. सुनेला दोष देण्याआधी ती चिठ्ठी पाहा.

तिखटसावजी
सुनेचं नाव वहीतून खोडतो.

पळसफूल
कोरडवाहू, आता सात दिवस असं करा. सकाळी उठून लघवीला गेल्यावर, बीपीची गोळी, चहा, नाश्ता आणि खर्रा या सगळ्यांच्या आधी दोन रीडिंग, मध्ये एक मिनिट. संध्याकाळी जेवणाआधी तशीच दोन. बाबा वावरातून आल्या-आल्या नाही, हातपाय धुवून अर्धा तास गेल्यावर. जे आलं ते लिहायचं, जास्त आलं म्हणून तिसऱ्यांदा मोजून त्यातलं कमी निवडायचं नाही. पहिल्या दिवशी एकदा दोन्ही दंडांना मोजा. ज्याचं जास्त येईल तोच दंड पुढे कायम. आणि शिंप्याच्या टेपनं दंडाचा घेर मोजून सांगा, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये.

कोरडवाहू
घेर 24 सेंमी. पट्ट्यावर 22–32 छापलेलं आहे. उजव्या दंडाचं 6 नं जास्त येतं, तर उजवा धरतो.

संत्राबर्फी
माझ्या आईचा दंड 35 आहे, आम्ही तोच 22–32 चा पट्टा ओढूनताणून लावतो. चालतं ना?

पळसफूल
नाही चालत. पट्टा लहान पडला की बीपी खोटं जास्त येतं. मोठ्या मापाचा पट्टा वेगळा मिळतो, त्याच कंपनीचा घ्या. उलटही होतं. आपल्याकडे बायामाणसांचे दंड वीस-एकवीसचे असतात, त्यांना हाच पट्टा ढिला होतो आणि बीपी खोटं कमी दिसतं. ते जास्त धोक्याचं, कारण कोणाला शंकाच येत नाही.

खारपाण
मनगटाचं मशीन बरं ना मग? मापाची भानगडच नाही.

वऱ्हाडी_वैद्य
मनगट छातीच्या उंचीला नेमकं धरलं नाही तर फार चुकतं. दंडाचंच घ्या. घेण्याआधी stridebp.org वर मॉडेल तपासून घेता येतं, तिथं चाचणीत पास झालेल्या मशीनची यादी आहे. आणि पुढच्या तपासणीला मशीन सोबत न्या. दवाखान्याच्या यंत्रानं आणि तुमच्या मशीननं त्याच दंडाचं आलटून-पालटून मोजायला सांगा. सरासरी फरक पाचच्या आत असेल तर छान. दहाच्या वर असेल तर ते मशीन वापरू नका. नाडी अनियमित असणाऱ्यांत मशीन चुकू शकतं, तेही डॉक्टरांना विचारा.

गोदाकाकू
माझा प्रश्न राहूनच गेला.

वऱ्हाडी_वैद्य
काकू, माफ करा. डायलिसिसच्या आधी अंगात पाणी साठलेलं असतं, नंतर काढलेलं असतं, म्हणून ते दोन्ही आकडे टोकाचे. मधल्या दिवशी घरी सकाळ-संध्याकाळ फिस्टुला नसलेल्या हाताला मोजा आणि ती वही युनिटमध्ये दाखवा. डायलिसिसवाल्यांसाठी सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा आजही ठरलेला नाही. पण 115 ला गळून जातात हे मात्र जरूर सांगा. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढतं आणि एका वेळी किती पाणी काढतात, ते त्यांना तपासता येईल.

कोरडवाहू
मंडळी, सात दिवस झाले. पहिल्या दिवशी सकाळी 158/90 होतं. बाकी सहा दिवसांची सकाळची वरची सरासरी रोजची अशी: 146, 141, 144, 139, 143, 139. संध्याकाळची: 131, 126, 129, 127, 130, 125. खालचं सकाळी 82 च्या आसपास, संध्याकाळी 76. बाबा लोसार्टन 50 सकाळी नऊला घेतात, दुसरी बीपीची गोळी नाही. बाबा म्हणतात, सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

वऱ्हाडी_वैद्य
फार व्यवस्थित नोंद. पहिला दिवस सोडून द्यायचा, त्या दिवशी मशीनचीच धास्ती असते. उरलेल्यांची सकाळची सरासरी 142, संध्याकाळची 128. सगळं मिळून 135. पण 135 एवढंच पाहून थांबलात तर मुख्य गोष्ट सुटते. संध्याकाळी बीपी आत आहे, सकाळी गोळीच्या आधी बाहेर आहे. एक शक्यता अशी की गोळीचा असर चोवीस तास पुरत नाही. लोसार्टन दिवसातून एकदा घेतल्यावर काहींचं असं होतं. दुसरी अशी की रात्रीही बीपी हवं तेवढं उतरत नसेल, किडनीच्या आजारात ते नेहमी दिसतं. आणि आरोग्य केंद्रात तुम्ही दुपारी गेला असाल तर तिथल्या 130 चाही उलगडा होतो.
अंधारीसाठी अजून एक करा. सकाळी बसून मोजल्यावर त्यांना उभं करा, कोणीतरी धरायला जवळ असू द्या. एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी उभ्यानं मोजा, हात छातीच्या उंचीला आधारावर ठेवून.

कोरडवाहू
दुपारीच गेलो होतो, दोन वाजता. आज सकाळी बसून 140, उभं राहिल्यावर एक मिनिटानं 119, तीन मिनिटांनी 124.

वऱ्हाडी_वैद्य
उभं राहिल्यावर 20 किंवा जास्त उतरणं हे महत्त्वाचं असतं. तुमचं 21 आहे. बऱ्याच वर्षांच्या शुगरमध्ये नसा कमजोर होऊन असं होतं. म्हणून यांच्या बाबतीत 120 चा हट्ट मी धरणार नाही. वही आणि हा आकडा दोन्ही किडनीच्या डॉक्टरांकडे न्या. गोळी स्वतः बदलू नका, वेळही नाही.

अभ्यासू
उभ्यानं मोजण्याचं माझ्या डोक्यात नव्हतं. या पेशंटला 130 हे पटतं. तरी तरुण पेशंटच्या बाबतीत माझं मत कायम आहे.

कोरडवाहू
काल दाखवून आलो. डॉक्टरांनी दवाखान्यात मशीन जुळवून पाहिलं, 3 चा फरक आला. लोसार्टन बंद करून टेल्मिसार्टन 40 दिली, तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. घरचं ध्येय 130 च्या आत, पण उभ्यानं 110 च्या खाली गेलं तर फोन करा म्हणाले. उलटी-जुलाब झाले किंवा उन्हात काम करून लघवी कमी झाली तर गोळी थांबवायची का, हे त्याच दिवशी विचारायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो, तेव्हा हे लागणारच. रात्रीचं बीपी चोवीस तासांच्या मशीननं मोजावं का, यावर ते म्हणाले आधी गोळीचा परिणाम पाहू.
खर्ऱ्याचं विचारू नका. तोंड धुतल्यावरचा पहिला मोजण्यानंतरवर आलाय, एवढंच.

पळसफूल
पहिला मागे गेला तर दुसराही जाईल. आता पंधरा दिवस मोजू नका उगाच रोज. गोळी बसायला वेळ लागतो. तपासणीच्या आधीचा आठवडा पुन्हा याच पद्धतीनं करा.

संत्राबर्फी
मोठा पट्टा आणला, आईचं 156 वरून 141 वर आलं! पण आता आई-काकांची रीडिंग एकाच मेमरीत मिसळली, कोणाचं कोणतं कळत नाही.

पळसफूल
बहुतेक मशीनवर 1 आणि 2 असं माणूस निवडायचं बटण असतं. आई 1, काका 2. नसेल तर मेमरी विसरा, वहीच्या दोन पानांवर दोन नावं घाला आणि मोजल्याबरोबर वेळेसकट लिहा.